सिरीजमधला गेलेला बल्ब: प्लग काढून, अर्धं-अर्धं करत शोधा

*काका, आमच्याकडे बाबांनी घेतलेली चाळीस बल्बची जुनी सिरीज आहे, पिवळ्या बारीक बल्बची. गणपतीसाठी काढली तर एकही बल्ब लागत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या दादांनी दोन बल्ब काढून वायरी पिळून टेप लावून दिली होती, तेव्हा लागली होती. आता टेस्टर लावला तर काही ठिकाणी त्याचा दिवा लागतो, काही ठिकाणी नाही. एकेक बल्ब काढून बघत बसू, की अजून एक काढून जोडून टाकू? घरात मल्टिमीटर आहे, पण तो वापरायला फारसा येत नाही. (लोकमान्यनगर, इंदूर)*

सगळ्यात आधी तो टेस्टर बाजूला ठेवा आणि प्लग बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा. आपल्याकडच्या जुन्या घरांत, विशेषतः राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांत, बोर्डाची वायरिंग किती हातांतून गेली आहे याचा पत्ता नसतो. बटण फेजवर असायला हवं, पण बऱ्याच ठिकाणी ते न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. मग बटण बंद असलं तरी माळेत फेज येऊन थांबलेलाच असतो.

टेस्टरने तुम्हाला जे दाखवलं ते खोटं नाही. सिरीजमध्ये वीज पहिल्या बल्बातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी एकाच वाटेने जाते. मधे एक बल्ब गेला की वाट तुटते. तुटल्या जागेच्या अलीकडे, प्लगच्या ज्या पिनेला फेज आहे तिथपर्यंत, सगळीकडे फेज असतो आणि टेस्टर पेटतो. पलीकडे न्यूट्रल, तिथे तो पेटत नाही. म्हणजे 'पेटतो' आणि 'पेटत नाही' यांच्या मधे दोष आहे, हा तर्क बरोबर आहे. अडचण दोन ठिकाणी येते. या माळेत बल्बांना जोडणाऱ्या वायरीशिवाय शेवटच्या बल्बापासून प्लगपर्यंत परत येणारी एक सलग वायरही असते आणि ती सगळ्या माळेत बरोबर पिळलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर फेज त्या परतीच्या वायरीत जातो. मग वायरीला न टेकता जवळ धरायचा टेस्टर माळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबलत राहतो आणि काहीच कळत नाही. प्लग उलटा करून लावला तर कळू शकतं, आणि वरून दाखवणारा टेस्टर असेल तर एवढा उपयोग त्याचा जरूर आहे. पण तुमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हरसारखा निऑनचा टेस्टर असणार. त्याचं टोक उघड्या धातूला लागावं लागतं, आणि उघडा धातू मिळवायला चालू माळेतला बल्ब उपटावा लागतो. तिथेच धोका आहे.

बारीक बल्ब बघून लोकांना वाटतं, हा सहा व्होल्टचा, याने काय होणार. माळ पेटलेली असते तेव्हा ते खरं आहे. २३० व्होल्ट चाळीस बल्बांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा येतात. पण माळ बंद पडली की ही वाटणीच बंद होते. वीज वाहत नाही, त्यामुळे चांगल्या एकोणचाळीस बल्बांवर व्होल्टेज जवळजवळ पडत नाही आणि सगळेच्या सगळे २३० व्होल्ट त्या एका गेलेल्या बल्बाच्या दोन पायांमधे येऊन उभे राहतात. म्हणजे माळेतली सगळ्यात घातक जागा नेमकी तीच, जी तुम्ही शोधताय. त्या होल्डरमधे दोन बोटं गेली तर घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असला तरी तो तुम्हाला वाचवेलच असं नाही. तो जमिनीकडे पळणारी वीज ओळखतो. फेजमधून बोटात आणि बोटातून न्यूट्रलमधे गेलेली वीज त्याला एखाद्या बल्बासारखीच वाटते. एमसीबीचा तर इथे संबंधच नाही, तो वायरीला जपायला असतो.

म्हणून शोधायचं काम प्लग काढूनच करायचं. मल्टिमीटर आहे म्हणताय, तर निम्मं काम झालेलं आहे. दोन-तीनशे रुपयांचा साधा पिवळा मीटरसुद्धा यासाठी पुरतो.

मीटर लावताना एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची हुकते. टीं वाजणाऱ्या खुणेवर मीटर ठेवतात, प्लगच्या दोन पिनांना लीड लावतात, आवाज येत नाही, आणि 'माळ तुटली' असं ठरवतात. तो आवाज साधारण पन्नासेक ओमच्या आतच येतो. तुमच्या माळेत चाळिसेक फिलामेंट एकामागे एक आहेत. वीसेक वॅटची माळ धरली तर पेटलेली असताना तिचा रेझिस्टन्स अडीच हजार ओमच्या वर जातो. थंड असताना तो साधारण दहावा हिस्सा, म्हणजे अडीचशे ओमच्या आसपास. अगदी ठणठणीत माळही टीं करणार नाही. तेव्हा मीटरचा चाक ओमच्या `2000` या खुणेवर ठेवा. लीड एकमेकांना टेकवल्या की आकडा शून्याच्या जवळ येतो. वेगळ्या केल्या की डावीकडे नुसता `1` किंवा `OL` दिसतो, तो 'वाट तुटलेली' या अर्थाचा. एक सुटा बल्ब काढून त्याच्या दोन पायांना लीड लावली तर पाच ते दहा ओमच्या मधे काहीतरी यायला हवं.

मोजताना लीडच्या धातूच्या टोकांना दोन्ही हातांची बोटं लावू नका. प्लग काढलेला आहे, शॉकची भीती नाही, पण तुमच्या अंगाचा रेझिस्टन्स मोजला जाऊन भलताच आकडा येतो.

आता एकेक बल्ब काढत बसायचं नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर रोषणाई करणाऱ्या मंडळींकडून मी जे शिकलो ते हे: मधला बल्ब काढून माळेची वाट मधोमध तोडा, कोणत्या अर्ध्यात दोष आहे ते बघा, मग त्या अर्ध्याचं अर्धं. चाळीस बल्बांत एकच दोष असला तर पाच-सहा बल्ब काढून तो हमखास हाती लागतो. हे कसं करायचं ते दुकानात नुकत्याच आलेल्या एका माळेवरून सांगतो. तीही चाळीसचीच होती, तुमच्यासारखीच पूर्ण बंद.

माळ जमिनीवर सरळ पसरली. प्लगच्या बाजूने एक, दोन, तीन असे बल्ब मोजले आणि दर दहाव्या बल्बाला कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहून चिकटवला. प्लगच्या दोन पिनांपैकी जी पहिल्या बल्बाकडे जाते ती 'अ', जी परतीच्या वायरीतून शेवटच्या, म्हणजे चाळिसाव्या बल्बाकडे जाते ती 'ब'. कोणती कुठली हे वायर बघून कळतं. नाही कळलं तर पहिला बल्ब काढा आणि त्याच्या होल्डरमधल्या दोन पत्र्यांना आळीपाळीने लीड लावा. एक पत्रा ज्या पिनेशी शून्य ओम दाखवेल, ती 'अ'.

विसावा बल्ब सरळ ओढून काढला. हे बल्ब फिरवायचे नसतात, प्लास्टिकच्या टोपीसकट सरळ बाहेर येतात. आधी तो बल्बच मोजला, सहा ओम आले, म्हणजे चांगला. मग एक लीड 'अ' पिनेवर ठेवून दुसरी होल्डरमधल्या एका पत्र्याला लावली, `1` आला. दुसऱ्या पत्र्याला लावली, १२५ आले. याचा अर्थ पहिल्यापासून एकोणिसाव्यापर्यंतची वाट सलग आहे. आता 'ब' पिनेवरून उरलेला पत्रा बघितला, तर `1`. दोष एकविसाव्यापासून पुढे.

विसावा परत बसवला आणि तिसावा काढला. तो स्वतः चांगला. 'ब'पासून ६५ ओम आले, म्हणजे एकतिसापासून चाळिसापर्यंतचे दहा ठीक. दोष एकवीस ते एकोणतीसच्या मधे. तिसावा जागेवर, पंचविसावा बाहेर. बल्ब चांगला, 'ब'पासून ९८, म्हणजे सव्विसापासून पुढचे सगळे ठीक. उरले एकवीस ते चोवीस. बाविसावा काढला, बल्ब चांगला, 'अ'पासून १३७, म्हणजे एकविसावाही सुटला. राहिले दोनच. तेविसावा काढून नुसता बल्ब मोजला, साडेसहा. तेव्हा चोविसावा. तो काढला, मोजला, `1`. काच आतून किंचित काळसर झाली होती, उजेडात धरल्यावर फिलामेंटचं एक टोक लोंबताना दिसलं.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. काढलेला बल्ब पुढे जाण्याआधी परत बसवायचा, नाहीतर पुढच्या मापात तुम्हीच केलेला खंड दोष म्हणून दिसतो. आणि आकडे माझ्यासारखेच यायला हवेत असं नाही. बल्बांची संख्या आणि आकडा यांचं प्रमाण जुळतंय का एवढंच बघायचं. दहा बल्बांना ६५ आणि वीस बल्बांना तीनशे, असं दिसलं तर त्या वीसांत कुठेतरी पत्रा नीट टेकत नाही.

मधला बल्ब काढल्यावर दोन्ही बाजू `1` दाखवू लागल्या तर घाबरू नका. दोष दोन आहेत इतकंच. प्रत्येक अर्ध्याची अशीच वेगळी वाटणी करायची. 'एक चांगला बल्ब घ्या आणि प्रत्येक होल्डरमधे लावून बघा' हा उपाय सगळे सांगतात, पण तो इथेच तोंडावर पडतो. दोन बल्ब गेले असतील तर चाळीस होल्डर फिरूनही माळ लागत नाही, आणि माणूस वैतागून चालू माळेतच बल्ब उपटायला लागतो.

आता समजा शोधत शोधत एका जागी आलात आणि तिथला बल्ब मात्र चांगला निघाला. असं वरचेवर होतं. मग दोष होल्डरमधे आहे. बल्बाचे दोन पाय म्हणजे केसासारख्या तारा. टोपीच्या तळातून बाहेर येऊन त्या दोन बाजूंना वर दुमडलेल्या असतात आणि होल्डरमधल्या पत्र्यांना घासून बसतात. वर्षभर माळा पोत्यात कोंबून माळ्यावर ठेवल्या की पाय सरकतो, तुटतो, किंवा पावसाळ्याच्या दमटपणाने पत्र्यावर हिरवा मळ चढतो. पाय सरकला असेल तर टोपीच्या बाजूने परत वर वळवा. मळ असेल तर बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून पत्रा दोन-चारदा घासा. ओलं काही वापरू नका. पत्राच वायरीपासून सुटला असेल तर होल्डरच्या तळातून वायर अलगद ओढली की ती बाहेर येते. अशा वेळी होल्डर बदलायचा, ते पुढे सांगतो.

बल्ब बदलताना नवा बल्ब बसतोय एवढं बघून चालत नाही. सिरीजमधे सगळ्या बल्बांतून सारखीच वीज जाते, त्यामुळे एक बल्ब वेगळ्या जातीचा निघाला तर तो एकतर मिणमिणतो, नाहीतर झगझगून चार दिवसांत जातो. चाळीसच्या माळेला चाळीसच्याच माळेतला बल्ब. वीसच्या माळेतला बल्ब दिसायला तोच असतो, पण तो बारा व्होल्टच्या घरातला असतो. महाराणी रोडवर इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानांत विचारून बघा, पण सोबत तुमच्या माळेतला एक चांगला बल्ब न्या आणि माळ किती बल्बची आहे ते सांगा. सगळ्यात सोपं म्हणजे तशीच एखादी भंगारात निघालेली माळ मिळवा आणि तिचे बल्ब मोजून मोजून वेगळे काढा. अशी एक माळ अनेक वर्षं पुरते, शिवाय होल्डरही मिळतात.

गेलेल्या बल्बाचे पाय सरळ करून तो टोपीतून काढा. नव्याचे पाय टोपीच्या दोन भोकांतून एकेक करून ओवा, विरुद्ध बाजूंना वर दुमडा आणि टोपी होल्डरमधे दाबून बसवा. दोन पाय खाली एकमेकांना चिकटले नाहीत ना हे बघा. चिकटले तर माळ लागते पण तो एक बल्ब अंधारात राहतो आणि त्याच्या वाट्याचं व्होल्टेज बाकीच्यांवर पडतं. काही माळांच्या बल्बांत पायांमधे एक बारीक तारेचा वेढा असतो. फिलामेंट तुटलं की तो आपोआप जोडला जातो, म्हणून माळ लागलेली राहते आणि तेवढाच बल्ब मेलेला दिसतो. असा मेलेला बल्ब दिसला तर 'चालतंय ना' म्हणून सोडू नका, त्याच आठवड्यात बदला. का, ते पुढच्या हिशोबात येतं.

आता शेजारच्या दादांच्या उपायाबद्दल. बल्ब काढून वायरी पिळल्या की माळ लागते, यात शंका नाही. पण बाबांची माळ चाळीसची होती, दोन काढल्यावर अडतीसची झाली. पावणेसहाच्या जागी आता प्रत्येक बल्बावर सव्वासहाच्या जवळ नाही तरी सहाच्या थोडं वर, ६.०५ व्होल्ट येतात. वाढ फक्त पाच टक्के. उजेडात फरक कळतही नाही, उलट माळ जरा जास्त छान दिसते. पण फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेजला भलतंच हळवं असतं. पाच टक्के व्होल्टेज वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. तुमची माळ या वर्षी बंद पडली त्यात त्या दोन जोडांचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. आता तिसरा काढला, पुढच्या वर्षी चौथा आणि पाचवा, की पस्तीस बल्बांवर साडेसहाच्या वर व्होल्ट येतात आणि आयुष्य मूळच्या पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. मग एका गणपतीत तीन-तीन बल्ब जातात आणि लोक म्हणतात, मालच खराब आहे. जितके काढाल तितके लवकर बाकीचे जातात. म्हणून तिसरा काढू नका, उलट काढलेल्या दोन जागाही भरून घ्या.

त्या दोन जागा भरून घ्या म्हणण्याला दुसरंही कारण आहे. पिळलेल्या वायरीवरची टेप आपल्याकडच्या मे महिन्यात गोंद सोडते, घसरते, आणि आत २३० व्होल्टच्या जोडाची उघडी तांब्याची तार राहते. माळ अंधारात, फुलांत, कापडात लावायची, आणि उघडी तार नेमकी तिथे.

होल्डर बसवण्यासाठी भंगार माळेतून दोन्ही बाजूंना बोट-दीड बोट वायर ठेवून होल्डर कापून घ्या. जुना पिळलेला जोड कापून टाका. दोन्ही टोकांची साल साधारण एक सेंटिमीटर काढा. वायर फार बारीक असते, कटरने सोलताना निम्म्या तारा तुटतात, तेव्हा नखाने किंवा बोथट पात्याने हळू. तारा जोडण्याआधी वायरीवर हीट श्रिंकची स्लीव्ह सरकवून ठेवा, कारण जोडल्यावर ती घालता येत नाही आणि मग परत टेपच आठवते. तारा पिळून सोल्डर करा, सोल्डर आतपर्यंत वाहू द्या, वर गोळा ठेवू नका. सोल्डरचं टोक सुईसारखं उभं राहिलं तर ते स्लीव्हमधून बाहेर येतं, म्हणून ते मोडून घ्या. थंड झाल्यावर स्लीव्ह जोडाच्या मधोमध आणून गरम करा. होल्डरच्या दोन बाजूंचे जोड एकमेकांच्या समोरासमोर येऊ देऊ नका, एक थोडा अलीकडे, एक थोडा पलीकडे. सोल्डर करायला जमत नसेल तर हे दोन जोड एखाद्या दुकानात करून घ्या. वेळ फार लागत नाही, आणि टेपवर तडजोड करण्याइतकं ते महागही नाही.

सगळं झाल्यावर प्लग लावण्याआधी 'अ' आणि 'ब' पिनांवर मीटर ठेवा. अडीचशे-तीनशेच्या आसपास आकडा यायला हवा. `1` आला तर अजून एक खंड बाकी आहे. शून्याच्या जवळ आला तर प्लग लावूच नका, वायरी कुठेतरी थेट भिडल्या आहेत. आकडा बरोबर आला तरी पहिल्यांदा लावताना माळ गादीवर किंवा सतरंजीवर गुंडाळून ठेवू नका, फरशीवर मोकळी पसरा आणि अर्धा तास लांबून चालू राहू द्या. मग प्लग काढून होल्डरना आणि नव्या जोडांना हात लावून बघा. बल्ब गरम असणारच, पण एखादा होल्डर किंवा जोड बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे पत्रा सैल आहे.

पुढच्या वेळी कदाचित वेगळी माळ हाती येईल, म्हणून एक खुणेचं सांगून ठेवतो. ऐंशी किंवा शंभर बल्बच्या माळेत बहुतेक वेळा दोन ओळी असतात, दोन्ही प्लगला आपापल्या जोडलेल्या. एक ओळ लागते आणि एक बंद, तेव्हा मीटर फसवतो. बंद ओळीतला बल्ब काढून 'अ' पिनेवरून मोजलं तर वीज चांगल्या ओळीतून फिरून दुसऱ्या टोकाने येते आणि तुटलेली बाजूही आकडा दाखवते. उपाय साधा आहे: मोजण्याआधी चांगल्या ओळीतला कुठलाही एक बल्ब उपटून ठेवा. ओळीचं व्होल्टेज काढतानाही त्या एका ओळीतले बल्ब मोजायचे, सगळ्या माळेतले नाहीत. आणि ज्या माळेच्या शेवटी दुसरी माळ जोडायला सॉकेट असतं, तिच्यात बल्ब बंद असले तरी त्या सॉकेटमधे पूर्ण फेज येत असतो. मुलांचा हात तिथपर्यंत जाईल अशी ती टांगू नका.

एलईडीच्या माळांना ही ओमची रीत चालत नाही. एलईडी एकाच दिशेने वीज सोडतो आणि प्लगजवळ डायोड, रेझिस्टर असतात, त्यामुळे पिनेपासूनचा आकडा काही सांगत नाही. मीटरच्या डायोडच्या खुणेवर एकेक एलईडी तपासता येतो, लाल-पिवळा हलका लागतोही, पांढरा-निळा पुष्कळदा लागत नाही. ज्या माळेत एलईडी वायरीतच गोंदाने बंद केलेला असतो, तिची दुरुस्ती मी घरी करायला सांगणार नाही. तिथेही वायरीत आपलं २३० व्होल्टच आहे, आणि गोंद कापला की ते परत तसं बंद होत नाही.

तुमच्या माळेवर परत येतो. काम सुरू करण्याआधी वायर बोटांवर दुमडून बघा. जुनी साल कडक होऊन तडकत असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन भुगा पडत असेल, तर बाबांची आठवण म्हणून बल्ब जपून ठेवा आणि वायर टाकून द्या. एक जागा तडकलेली असली तर बाकीची माळही त्याच वयाची असते, एकेक जागा झाकत बसण्यात अर्थ नाही.

साल नरम असली तर माळ नक्की लावा, फक्त मखराला लावताना चंदेरी कागद, जरीचं कापड आणि झिरमिळ्या यांना होल्डर टेकू देऊ नका. तो चमकणारा थर धातूचा असतो आणि वीज वाहून नेतो. एखादा होल्डर सैल असला तर पूर्ण मखराला फेज येतो आणि ते आरतीच्या वेळी तबक टेकवल्यावर कळतं. माळ लाकडाच्या पट्टीला सुतळीने बांधा, खिळे वायरीतून मारू नका, आणि प्लग अशा जागी ठेवा की मूर्तीच्या मागे हात न घालता तो काढता येईल.